दोह्याहून चिपळूणच्या शाखेला पत्र

आयुर्विमा महामंडळाच्या कुठल्याही शाखेत रोज येणाऱ्या टपालात आणि ईमेलमध्ये एका प्रकारचं पत्र हमखास असतं. पाठवणारा दुबई, दोहा, मस्कत किंवा न्यू जर्सीत असतो. पत्रात साधारण दोन वाक्यं असतात. माझा पत्ता आणि फोन बदलला आहे, तो नोंदवून घ्यावा; आणि यापुढे हप्ता मी इकडून भरीन. खाली नाव, कधी पॉलिसी क्रमांक असतो, कधी तोही नसतो. अशा पत्रावर शाखेला काहीच करता येत नाही आणि पाठवणाऱ्याला मात्र आपलं काम झालं असं वाटतं.

हे पत्र नीट लिहिलं तर ते वीस-पंचवीस वर्षं उपयोगी पडतं. मुदत संपल्यावर येणारे पैसे कुठल्या खात्यात जातील, त्यातले किती विनासायास परदेशी नेता येतील आणि मध्येच काही बरंवाईट झालं तर शाखा कुणाला शोधील, हे सगळं त्यातल्या तपशिलावर ठरतं. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते पत्र उलगडून पाहू.

समजा, चिपळूण तालुक्यातला एक तरुण आहे. त्यानं २८ मार्च २०१४ रोजी वीस वर्षांची एंडोमेंट पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता ४८,००० रुपये, कर सोडून. एकूण वीस हप्ते, शेवटचा मार्च २०३३ मध्ये आणि मुदतपूर्ती २८ मार्च २०३४ रोजी. पहिले सहा हप्ते त्यानं चिपळूणच्या आपल्या बचत खात्यातून भरले. जून २०१९ मध्ये तो वेल्डिंग सुपरवायझर म्हणून दोह्याला गेला. त्यानंतरचे सहा हप्ते, म्हणजे २०२० ते २०२५ पर्यंतचे, आईनं भरले. तो दर महिन्याला आईला घरखर्चाचे पैसे पाठवी आणि मार्च आला की आई त्यातूनच रक्कम काढून शाखेत नेऊन देई. आता जानेवारी २०२६ मध्ये तो शाखेला पत्र लिहायला बसला आहे.

पहिला प्रश्न पत्त्याचा नाही, बँक खात्याचा आहे. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, माणूस अनिवासी ठरतो. इथे प्राप्तिकराच्या १८२ दिवसांच्या हिशेबाशी गल्लत होते. प्राप्तिकर वर्षभरातले दिवस मोजतो, फेमा मात्र जाण्याचा हेतू पाहतो. नोकरीचा करार करून विमानात बसलेला माणूस फेमाच्या लेखी तेव्हापासूनच अनिवासी असतो, मग त्या वर्षी तो प्राप्तिकरासाठी निवासी का असेना. आणि अनिवासी झाल्यावर इथलं नेहमीचं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं.

एनआरओ आणि एनआरई ही दोन्ही खाती रुपयांतलीच असतात आणि दोन्ही एकाच शाखेत, एकाच नावावर असू शकतात, म्हणून लोकांना ती सारखी वाटतात. फरक पैशाच्या उगमाचा आहे. एनआरओमध्ये इथलं उत्पन्न जमा होतं: घरभाडं, शेतीचं उत्पन्न, जुन्या ठेवींचं व्याज. त्यावरच्या व्याजाला इथे कर लागतो. एनआरईमध्ये मुख्यतः परदेशातून आलेला पैसा किंवा दुसऱ्या एनआरई खात्यातला पैसा जमा होतो. त्यावरचं व्याज करमुक्त असतं आणि ते पैसे हवे तेव्हा परत परदेशी नेता येतात.

आता विम्याशी याचा संबंध कसा येतो ते पाहू. अनिवासी पॉलिसीधारकाला दाव्याची रक्कम देताना नियम असा आहे की, एकूण हप्त्यांपैकी जितका भाग परकीय चलनातून, म्हणजे थेट परदेशातून किंवा एनआरई वा एफसीएनआर खात्यातून भरला असेल, तितकाच भाग परदेशी पाठवता येण्याजोगा धरला जातो. उरलेला भाग एनआरओ खात्यात जातो. म्हणजे प्रत्येक हप्त्याच्या वेळी शेवटच्या रकमेचा एक लहानसा तुकडा एका किंवा दुसऱ्या बाजूला पडत असतो आणि बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते.

आपल्या सुपरवायझरचा हिशेब मांडू. मार्च २०२६ पासून २०३३ पर्यंतचे आठ हप्ते त्यानं एनआरई खात्यातून भरले, तर वीसपैकी आठ, म्हणजे ४० टक्के हप्ते परकीय चलनातले झाले. मुदतपूर्तीला बोनससह १८ लाख रुपये मिळतील असं धरलं, तर त्यातले ७ लाख २० हजार एनआरई खात्यात जमा होऊ शकतात आणि १० लाख ८० हजार एनआरओमध्ये जातात. त्यानं हेच पत्र दोह्याला गेल्या गेल्या लिहिलं असतं तर २०२० पासूनचे चौदा हप्ते मोजले गेले असते. मग ७० टक्के, म्हणजे १२ लाख ६० हजार रुपये एनआरईच्या बाजूला आले असते. फरक ५ लाख ४० हजारांचा.

आणि हे मधले सहा हप्तेही त्याच्या कतारी रियालांतूनच भरले गेले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. कष्ट दोह्यातले होते, पैसाही दोह्यातून आला होता. पण तो आईच्या खात्यात घरखर्च म्हणून आला आणि तिथून शाखेच्या खिडकीवर गेला. शाखेच्या नोंदीत तो भारतात राहणाऱ्या व्यक्तीनं रुपयांत भरलेला हप्ता झाला. अनिवासी मुलाचा हप्ता आईनं भरण्यात बेकायदा काही नाही. जवळच्या नातेवाइकाला तो भरता येतो. फक्त त्या हप्त्याची गणती रुपयांच्या बाजूला होते. नियम कमाईची जागा पाहत नाही, हप्ता कुठल्या खात्यातून निघाला ते पाहतो.

याचा अर्थ एनआरओमधले १० लाख ८० हजार अडकून पडतात असा नव्हे. एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. त्यासाठी देय कर भरल्याची कागदपत्रं आणि बहुधा सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. खर्च आणि खटपट आहे, पण वाट बंद नाही. शिवाय आखातात गेलेला बहुतेक माणूस शेवटी गावाकडे परततो. ज्याला चिपळूणलाच घर बांधायचं आहे, त्याच्या दृष्टीनं पैसे कुठल्या खात्यात आले याला फारसं महत्त्व नाही. टक्केवारीचा हा हिशेब अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात कायमचे स्थायिक झालेल्यांनी आणि ज्यांची वारस मुलं तिकडेच राहणार आहेत त्यांनी डोळ्यात तेल घालून करावा. परतणाऱ्याच्या पत्रातला संपर्काचा भाग त्याहून मोलाचा आहे.

तर त्या भागाकडे वळू. मूळ अर्जात मोबाईल क्रमांक कुणाचा आहे, हे आधी पाहावं. कित्येक जुन्या पॉलिसींवर धारकाच्या ऐवजी एजंटाचाच क्रमांक असतो. त्या वेळी ते सोयीचं वाटलं होतं; आठवण करून देण्याचं काम एजंट करत होता. पुढे एजंट निवृत्त होतो, कधी दगावतो, आणि पॉलिसीचा एकमेव धागा तुटतो. जिथे क्रमांक स्वतःचा असतो, तिथे दुसरी अडचण येते. परदेशी गेल्यावर इथलं प्रीपेड सिम वापरात राहत नाही. नव्वद दिवस कसलाही वापर झाला नाही आणि खात्यात किमान शिल्लकही नसली, तर कंपनी तो क्रमांक बंद करू शकते आणि काही काळानं तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग हप्त्याची आठवण आणि पोर्टलचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतो. हे वाचून घाबरण्याचं कारण नाही, पण दर दोन-तीन महिन्यांनी त्या सिमवर एखादं लहान रिचार्ज करणं किंवा नोंदीतून तो क्रमांक काढून टाकणं, यातलं एक काहीतरी करायलाच हवं.

परदेशी क्रमांक देताना देशाच्या कोडसह द्यावा, म्हणजे कतारसाठी +९७४. मात्र इथून निघालेला प्रत्येक संदेश तिकडे पोचेलच असं नाही. म्हणून ईमेल हा खरा आधार. तोही कंपनीनं दिलेला नको, स्वतःचा हवा. नोकरी सुटली की कंपनीचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो. मोबाईल आणि ईमेल महामंडळाच्या संकेतस्थळावरून नोंदवता येतात. पत्ता आणि निवासाचा दर्जा बदलायला मात्र पुरावे लागतात.

आखातातल्या पत्त्याची एक खास अडचण आहे. तिकडे टपाल बहुधा पोस्ट बॉक्सवर येतं आणि तो बॉक्स कंपनीचा असतो. कंपनी बदलली की पत्ता बदलला. शिवाय कराच्या स्वयंघोषणेच्या फॉर्मवर, ज्याला शाखेत फाटका-सीआरएस फॉर्म म्हणतात, नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. राहत्या घराचा पत्ता लागतो. अमेरिकेशी २०१५ मध्ये झालेल्या करारानंतर आणि इतर देशांशी असलेल्या माहितीच्या देवाणघेवाणीमुळे विमा कंपन्यांना हा फॉर्म घ्यावाच लागतो. त्यात आपण कुठल्या देशात करदाते आहोत आणि तिथला करक्रमांक काय, हे लिहायचं असतं. काही देश व्यक्तींना असा क्रमांक देत नाहीत. तिथे क्रमांक का नाही त्याचं कारण लिहिण्याची जागा फॉर्मवर असते. ती कोरी सोडली की कागद परत येतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. परदेशातल्या सगळ्या आर्थिक खात्यांची बेरीज वर्षभरात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर ती तिकडच्या सरकारला कळवावी लागते आणि रोख मूल्य असलेली आयुर्विमा पॉलिसी त्या बेरजेत धरली जाते.

सर्वांत व्यवहार्य मार्ग असा: राहण्याचा पत्ता परदेशातला लिहावा आणि टपालाचा पत्ता इथल्या घरचा ठेवावा, पण घरात टपाल उघडून वाचणारं माणूस असेल तरच. गावचं घर बंद असेल तर शहरातल्या बहिणीचा पत्ता चालेल.

हे सगळं गोळा झाल्यावर पत्र लिहायला घ्यावं. ते साधारण असं होईल:

"माननीय शाखाधिकारी यांस,
सादर नमस्कार.

माझी पॉलिसी क्र. … आपल्या शाखेत आहे. सुरुवात २८ मार्च २०१४, वार्षिक हप्ता, जन्मतारीख … . शेवटचा हप्ता मार्च २०२५ मध्ये भरला असून त्याच्या पावतीची प्रत जोडली आहे.

मी नोकरीनिमित्त जून २०१९ पासून दोहा, कतार येथे राहतो आणि तेव्हापासून अनिवासी भारतीय आहे. पॉलिसीवर माझ्या निवासाच्या दर्जाची त्याप्रमाणे नोंद करावी. सोबत पासपोर्ट, निवास परवाना आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा यांच्या साक्षांकित प्रती, पॅनची प्रत आणि भरलेला फाटका-सीआरएस फॉर्म जोडला आहे.

राहण्याचा पत्ता: … दोहा. टपालाचा पत्ता: पूर्वीचाच, चिपळूण. मोबाईल: +९७४ … . ईमेल: … . नोंदीतला जुना मोबाईल क्रमांक आता माझ्याकडे नाही, तो काढून टाकावा.

मार्च २०२६ पासूनचे सर्व हप्ते मी माझ्या … बँकेतील एनआरई खाते क्र. … मधून नेट बँकिंगद्वारे भरीन. या खात्यात केवळ कतारहून पाठवलेली रक्कम जमा होते. २०१४ ते २०२५ चे बारा हप्ते रुपयांत भरलेले आहेत, ही गोष्ट मला मान्य आहे. दाव्याच्या रकमेसाठी पूर्वी दिलेलं बचत खातं आता एनआरओ झालं आहे. एनआरई आणि एनआरओ दोन्ही खात्यांचे रद्द केलेले धनादेश आणि नेफ्टचे फॉर्म सोबत देत आहे.

वरील बदल नोंदवल्याची पोच माझ्या ईमेलवर मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(पॉलिसीच्या अर्जावरील सहीप्रमाणे सही)"

या पत्रातली चार-पाच वाक्यं विचारपूर्वक घातलेली आहेत. पहिलं, अनिवासी होण्याची तारीख. ती नसेल तर कुठल्या हप्त्यापासून दर्जा बदलला हे शाखेला कळत नाही. दुसरं, जुना क्रमांक काढून टाकण्याची स्पष्ट विनंती. नवा क्रमांक दिला म्हणजे जुना आपोआप गेला असं समजू नये. तिसरं, बारा हप्ते रुपयांतले असल्याचं मोकळेपणानं सांगणं. आठ वर्षांनी मुदतपूर्तीच्या वेळी हाच प्रश्न येणार असतो. त्याचं उत्तर आजच कागदावर असलं की तेव्हा वाद उरत नाही. चौथं, रद्द केलेले धनादेश. मनीबॅक पॉलिसी असेल तर हे फार तातडीचं, कारण मध्येच येणारी रक्कम जुन्या, बंद झालेल्या खात्याकडे जाते आणि परत येते.

आणि सही. अर्जावर तरुणपणी मराठीत पूर्ण नावाची सही केलेली असते आणि परदेशात गेल्यावर माणूस इंग्रजीत दोन रेघांची सही करू लागतो. शाखेनं ती जुळवून पाहिली आणि जुळली नाही, की अर्ज तिथेच थांबतो. सही बदलली असेल तर तसं वेगळं लिहून, पासपोर्टवरच्या सहीचा दाखला द्यावा. परदेशातून पाठवलेल्या प्रतींवर भारतीय दूतावासाचा, तिथल्या नोटरीचा किंवा बँक अधिकाऱ्याचा साक्षांकनाचा शिक्का मागितला जातो. दोह्यात दूतावासाची वेळ घेऊन एक दिवस जातो. म्हणून सुट्टीत गावी येणार असेल त्यानं मूळ कागद घेऊन शाखेत स्वतः जाणं सगळ्यात सोपं. तिथेच प्रती पडताळून होतात आणि पोचही हातात मिळते.

आता पैसे पाठवण्याकडे येऊ. अनेक जण करतात ती चूक अशी की, हप्त्याइतकीच रक्कम मोजून, देय तारखेच्या दोन दिवस आधी पाठवतात. समजा एक रियाल २४ रुपयांचा आहे. ४८,००० रुपयांसाठी बरोबर २,००० रियाल पाठवले. वाटेतल्या बँकेनं शुल्क म्हणून २५ रियाल कापले, तर हाती १,९७५ रियाल, म्हणजे ४७,४०० रुपये येतात. हप्ता ६०० रुपयांनी कमी पडला. दरात चार-दोन पैशांचा फरक झाला तरी हेच होतं. हप्ता तुकड्यात घेतला जात नाही, त्यामुळे ६०० रुपयांसाठी सगळाच राहतो. रियालचा डॉलरशी दर ३.६४ असा बांधलेला आहे, पण डॉलरचा रुपयाशी दर रोज हलतो, आणि आपला हप्ता रुपयांत आहे.

वेळेचंही तसंच. कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि इथे रविवारी. गुरुवारी संध्याकाळी दोह्यात सांगितलेले पैसे खूपदा सोमवारी हलतात. त्या सोमवारी इथे सणाची सुट्टी निघाली तर मंगळवार. देय तारखेनंतर वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, पण मासिक हप्त्याला फक्त पंधरा. मासिक हप्ता ठेवणाऱ्या अनिवासी माणसाला वर्षातून बारा वेळा हा धोका पत्करावा लागतो. म्हणून परदेशी जाताना हप्ता वार्षिक करून घेणं बरं; तो बदल पॉलिसीच्या वर्षाच्या सुरुवातीला मागता येतो आणि वार्षिक हप्ता बारा मासिक हप्त्यांच्या बेरजेपेक्षा थोडा कमीही असतो.

यावर उपाय साधा आहे. पैसे हप्त्याला नव्हे, खात्याला पाठवायचे. एनआरई खात्यात वर्षभर जमेल तशी रक्कम येत राहू द्यावी आणि हप्त्याच्या आधी किमान पंधरवडा तिथे हप्ता अधिक थोडी शिल्लक असावी. मग हप्ता भरणं हा भारतातल्या भारतात होणारा व्यवहार उरतो, त्यात ना दराचा प्रश्न, ना वाटेतल्या बँकेचा. आपोआप कापून घ्यायची सोय हवी असेल तर नॅचचा फॉर्म नव्यानं भरावा. त्या फॉर्मवर खात्याच्या प्रकारासाठी चौकटी असतात आणि त्यात एसबी-एनआरई, एसबी-एनआरओ अशा वेगळ्या चौकटी आहेत. जुन्या सवयीनं साध्या एसबीवर खूण केली तर बँक तो फॉर्म नाकारते. बचत खातं एनआरओ झाल्यावर जुनी नॅच सूचना तशीच चालू राहील, या भरवशावरही राहू नये. एकदा बँकेला विचारावं आणि पुढच्या हप्त्यानंतर खात्याचा उतारा पाहावा.

आईनंच हप्ता भरावा अशी घरची रीत असेल, तर ती मोडण्याची गरज नाही. एनआरई खात्यावर जवळच्या निवासी नातेवाइकाला अधिकारपत्र देता येतं आणि अधिकारपत्रधारकाला त्या खात्यातून भारतातली देणी भागवता येतात. आई त्याच शाखेत, त्याच मार्च महिन्यात जाईल. फक्त तिच्या हातात मुलाच्या एनआरई खात्याचा धनादेश असेल. एवढ्यानं तो हप्ता योग्य बाजूला मोजला जातो.

हुंडीनं किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती पैसे पाठवू नयेत. तो कायद्यानं गुन्हा आहेच, शिवाय त्याचा कागद कुठेच उरत नाही, आणि इथे सगळा खेळ कागदाचा आहे. हप्त्याच्या पावतीवर पैसे कुठल्या प्रकारच्या खात्यातून आले हे उठून दिसेलच असं नाही. म्हणून दर वर्षीच्या पावतीला त्या महिन्याचा एनआरई खात्याचा उतारा जोडून ठेवावा. थेट परदेशातून रक्कम आली असेल तर बँकेकडून मिळणारं आवक रकमेचं प्रमाणपत्रही ठेवावं. मुदतपूर्तीला एनआरई खात्यात पैसे घेताना बँक हेच विचारते: हे हप्ते परकीय चलनातून भरले होते, याचा पुरावा काय? आणि हे कागद घरच्या ट्रंकेत नकोत. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं, तेव्हा घरात ठेवलेल्या कागदांचं काय झालं ते तिथल्या लोकांनी पाहिलं आहे. प्रती ईमेलवर, दोन ठिकाणी असाव्यात.

अनिवासींच्या गप्पांत एक जुना सल्ला अजून फिरतो, की एनआरईतून हप्ता भरला तर जीएसटी वाचतो. पूर्वी तसा फायदा मिळवता येत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीच शून्य झाला आहे, त्यामुळे त्यासाठी आता वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. एनआरईतून भरण्याचं कारण फक्त वर सांगितलेली टक्केवारी.

पत्र लिहिलंच नाही तर काय होतं, तेही सांगायला हवं. सवलतीचे दिवस उलटून गेले की पॉलिसी बंद पडते. आपल्या उदाहरणासारखे बारा हप्ते भरलेले असतील तर ती अगदी रद्द होत नाही, पेड-अप होते, पण विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटते. अशी पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते. त्यासाठी थकलेले हप्ते, त्यावरचं व्याज आणि तब्येतीची घोषणा लागते, क्वचित वैद्यकीय तपासणीही. परदेशात ती तपासणी करून कागद पाठवणं म्हणजे आणखी दोन महिने. मधल्या काळात माणसाला काही झालं, तर घरच्यांना कमी झालेलीच रक्कम मिळते. आखातात बांधकामाच्या आणि वेल्डिंगच्या जागी राबणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठी हा धोका फार मोठा आहे, म्हणून इतक्या आग्रहानं लिहावंसं वाटतं.

मुदत पूर्ण झाली आणि डिस्चार्ज फॉर्म बंद घराच्या दारात पडून राहिला, तर रक्कम बेवारस रकमांच्या यादीत जाते. दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. त्यानंतरही पंचवीस वर्षांपर्यंत हक्क सांगता येतो, पण तोवर कागद जमवणारे बहुधा नातवंडं असतात. विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अशा बेवारस रकमा शोधण्याची सोय आहे. ज्यांच्या घरात कुणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी परदेशी गेलं, त्यांनी एकदा नाव आणि जन्मतारीख टाकून पाहावी.

पत्र पाठवूनही शाखेची पोच आली नाही, तर महामंडळाच्या तक्रार विभागाला आणि त्यानंतर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते. ती परदेशात बसूनही ऑनलाइन होते. तिथेही तड लागली नाही तर विमा लोकपाल आहेत.

कायमचं गावी परतल्यावर असंच आणखी एक पत्र लिहावं लागतं. तेव्हा एनआरई खातंही निवासी खात्यात बदलतं, मोबाईल पुन्हा इथला होतो आणि फाटका-सीआरएस फॉर्म नव्यानं भरावा लागतो. ते पत्र विसरलं तर दाव्याची रक्कम पुन्हा बंद खात्याकडे निघते.

ज्यांचा हप्ता मार्चमध्ये आहे त्यांनी हे पत्र जानेवारीतच पाठवावं. खात्याची नोंद व्हायला, पोच यायला आणि एनआरईत पहिली रक्कम जमा व्हायला तेवढे दिवस लागतात.